इंटर्नचा तुंबलेला इनबॉक्स: चार फोल्डर, तारखेचे फ्लॅग आणि दिवसातून तीन फेऱ्या

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. तीन आठवड्यांपूर्वी हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत टेस्टिंग टीममध्ये इंटर्न म्हणून लागलो. आउटलुकमध्ये रोज शंभरेक मेल येतात, आत्ता नऊशेच्या वर अनरीड आहेत. यूट्यूबवर बघून बावीस फोल्डर केले, पण मेंटॉरचा एक मेल त्यातच हरवला आणि सगळ्यांसमोर विचारणा झाली. दिवसभर मेल उघडूनच बसतो, तरी काहीतरी सुटतंच. फोल्डर, फ्लॅग वगैरे नक्की कसं वापरायचं आणि मेल दिवसातून किती वेळा बघायचे?

उत्तर:

आधी एक छोटं काम कर. कालच्या एका दिवसाचे सगळे मेल समोर घे आणि मजकूर न वाचता प्रत्येकाच्या वर 'To' आणि 'Cc'मध्ये कोण आहे एवढंच बघ. काहींमध्ये 'To'ला तुझं स्वतःचं नाव असेल. काहींमध्ये ते 'Cc'ला असेल. उरलेल्यांमध्ये तुझं नाव कुठेच नसेल, फक्त एखाद्या ग्रुपचा पत्ता असेल: सगळी टीम, सगळा प्रोजेक्ट, सगळं पुणे ऑफिस. तू त्या ग्रुपमध्ये आहेस म्हणून तो मेल तुझ्याकडे आला. तिन्ही ढिगांची मोजणी कर. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सरसकट सगळ्या ग्रुपांमध्ये घालतात, त्यामुळे तिसरा ढीग बहुतेक सगळ्यात मोठा निघेल आणि तुझ्याकडून काही हवं असलेले मेल पहिल्या ढिगात थोडेसेच असतील. मी इंटर्नच्या बॅचेस बरीच वर्षं सांभाळते आहे. हा फरक लक्षात यायच्या आधीच मुलं फोल्डर करायला बसतात, आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

तुझे बावीस फोल्डर बहुतेक विषयवार असतील: प्रोजेक्ट, मॉड्यूल, क्लायंट, ट्रेनिंग, मीटिंग वगैरे. विषयवार फोल्डरची अडचण अशी की एकच मेल दोन-तीन ठिकाणी बसतो. मेंटॉरने मीटिंगनंतर पाठवलेली लॉगिन मॉड्यूलची टेस्ट केस 'मीटिंग'मध्ये ठेवायची, 'लॉगिन'मध्ये की मेंटॉरच्या नावाच्या फोल्डरमध्ये? ठेवताना तू एक ठरवतोस आणि शोधताना दुसरीकडे बघतोस. शिवाय जुना मेल शोधायला फोल्डर लागतच नाही. मेंटॉरचं आडनाव कुलकर्णी असेल आणि त्यांनी पाठवलेली शीट हवी असेल, तर सर्चच्या चौकटीत एवढं टाक:

```
from:kulkarni hasattachments:yes subject:login
```

सर्च करताना बाजूला 'Current Mailbox' किंवा 'All folders' निवडलेलं आहे ना, ते बघ. चालू फोल्डरपुरताच शोध लागलेला असला की मेल असूनही सापडत नाही, आणि मग माणूस पुन्हा नवे फोल्डर करायला लागतो.

म्हणून फोल्डर विषयाप्रमाणे नकोत. मेल कधी वाचायचा आहे, त्याप्रमाणे कर. तुला चार पुरतील. पहिला 'ग्रुप': तुझं नाव नसलेले, ग्रुपवर आलेले मेल, जे दिवसातून एकदा चाळायचे. दुसरा 'सिस्टीम': जिरा, जेनकिन्स यांच्यासारख्या टूल्सकडून आपोआप येणारे मेल. तिसरा आउटलुकचा स्वतःचा 'Archive', काम संपलेले सगळे मेल इकडे. चौथा 'माझे कागद': ऑफर लेटर, स्टायपेंडचे मेल, कॉलेजच्या फॉर्मवर सह्या झालेल्या प्रती. बावीस फोल्डरमधलं सगळं 'Archive'मध्ये ओत आणि रिकामे फोल्डर उडव. सर्च तिथेही चालतो.

पहिल्या दोन फोल्डरमध्ये मेल हाताने हलवायचे नाहीत, ते काम रूलने व्हायला हवं. जुन्या आउटलुकमध्ये 'Home' टॅबवर 'Rules' आणि त्यात 'Manage Rules & Alerts' आहे. नव्या आणि ब्राउझरमधल्या आउटलुकमध्ये गिअरच्या चिन्हातून 'Mail', मग 'Rules', मग 'Add new rule'. अट अशी घाल: मेल अमुक ग्रुपच्या पत्त्यावर आलेला असेल तर 'ग्रुप' फोल्डरमध्ये हलव. बहुतेक जण इथेच थांबतात आणि नेमका असाच एखादा रूल मेंटॉरचा मेल गिळतो. कारण मेंटॉर 'To'मध्ये टीमचा ग्रुप टाकतात आणि त्याच्याच शेजारी तुझं नाव टाकतात. रूलला ग्रुप दिसला, मेल गेला. म्हणून अपवाद घालायचाच. जुन्या आउटलुकमध्ये विझार्डच्या अपवादांच्या पानावर 'except where my name is in the To or Cc box' हा पर्याय आहे. नव्यात 'Add an exception' दाबून 'I'm on the To or Cc line' निवड. ही अट फक्त तुझं नाव थेट लिहिलेलं असेल तेव्हाच लागू होते, ग्रुपमार्फत आलेल्या मेलला लागत नाही. त्यामुळे ग्रुपचा मेल बाजूला जातो आणि तुझं नाव मुद्दाम टाकलेला इनबॉक्समध्ये राहतो.

याला आणखी एक अपवाद जोड. काही लीड मेल फक्त ग्रुपला पाठवतात आणि मजकुरात लिहितात, 'अमुकने हे बघावं.' तेव्हा मजकुरात तुझं पहिलं नाव असेल तर मेल हलवायचा नाही, असाही अपवाद घाल. मेलच्या खालच्या जुन्या साखळीत कुठेतरी तुझं नाव असलं तरी हा अपवाद लागतो, त्यामुळे थोडे नको असलेले मेल इनबॉक्समध्ये राहतील. राहू देत. रूल कमी पकडत असेल तर तुझी दोन मिनिटं जातात, जास्त पकडत असेल तर पुन्हा सगळ्यांसमोर विचारणा होते.

'सिस्टीम' फोल्डरसाठी 'noreply' या शब्दावर रूल लावायचा मोह होईल. तो टाळ. टाइमशीट भरायची आठवण, पॉश कायद्याचं ट्रेनिंग, माहिती सुरक्षेची परीक्षा, पासवर्डची मुदत संपत आल्याची सूचना, हे सगळे मेल आपोआपच येतात, पण त्यात तुला काहीतरी करायचं असतं आणि तारीखही असते. टाइमशीट राहिली तर काही ठिकाणी स्टायपेंड पुढच्या महिन्यावर जातो. म्हणून रूल एकेका टूलच्या नेमक्या पत्त्यावर लाव: जिराचा पत्ता, जेनकिन्सचा पत्ता. एचआर आणि ट्रेनिंगच्या पत्त्यांना हात लावू नकोस. आता जिराचे मेल बाजूला गेले तर तुझ्या नावावर आलेलं काम कसं कळणार? मेलवरून कळून घ्यायचंच नाही. रोज सकाळी जिरात स्वतःला असाइन झालेल्या इश्यूंची यादी उघडायची, तीच खरी. मेल ही तिची फक्त पावती.

रूल तयार झाले की जुन्या आउटलुकमध्ये 'Run Rules Now'ने आधी आलेल्या मेलवरही चालवता येतात. चालवल्यावर 'ग्रुप' फोल्डर उघडून निदान वरचे पन्नास मेल बघ, त्यात मेंटॉरचा किंवा लीडचा एखादा कामाचा मेल गेलाय का. गेला असेल तर अपवाद नीट लागलेला नाही. एकच मेल दोन फोल्डरमध्ये दिसायला लागला तर समज की त्याला दोन रूल लागू पडताहेत. मग प्रत्येक रूलमध्ये 'stop processing more rules' चालू कर. आणि 'Focused' व 'Other' असे दोन टॅब दिसत असतील तर ती सोय बंद कर. ती वाईट नाही, पण ती स्वतःच्या अंदाजाने मेल वाटते आणि तुझे रूल तुझ्या नियमाने. दोन्ही चालू असले की मेल नेमका कोणी कुठे नेला हे कळत नाही.

(तुमच्याकडे आउटलुकऐवजी जीमेल असेल तर हेच काम फिल्टर आणि लेबलने होतं: 'Skip the Inbox' म्हणजे आपला 'ग्रुप' फोल्डर. पुढचं सगळं तसंच.)

आता नऊशे अनरीडचं. एकेक वाचायला बसू नकोस. रूल चालवल्यावर त्यातला मोठा भाग आपोआप बाजूला होईल. उरलेल्यांवर फिल्टरमधलं 'To me' लाव, म्हणजे थेट तुला आलेले राहतील. जुन्या आउटलुकमध्ये हा फिल्टर नसेल तर सर्चमध्ये `to:` पुढे स्वतःचं नाव टाक. हे मेल नव्याकडून जुन्याकडे बघ. ज्यात अजून काही देणं बाकी आहे त्यावर फ्लॅग लाव आणि बाकी सगळे, वाचलेले आणि न वाचलेले, 'Archive'मध्ये टाक. तीन आठवड्यांपूर्वीचं ज्याला खरंच हवं असेल तो पुन्हा विचारेल. मेंटॉरला मात्र आधीच एक ओळ लिही: 'सुरुवातीच्या आठवड्यांतले काही मेल माझ्याकडून राहिले असतील. माझ्याकडून काही यायचं बाकी असेल तर सांगा, आज-उद्यात करतो.' एवढं पुरे, कारणं देत बसायची गरज नाही.

फ्लॅगकडे येऊ, कारण खरी चूक इथे होते. सध्या तू बहुधा 'अनरीड' हीच कामाची यादी धरतोस: वाचला, काम बाकी आहे, म्हणून पुन्हा अनरीड करून ठेवला. हे टिकत नाही. मेलवर नुसतं क्लिक करून दुसऱ्यावर गेलास तरी तो वाचलेला धरला जातो, बसमध्ये फोनवर उघडलास तरीही. अनरीड याचा अर्थ फक्त 'अजून बघितला नाही' एवढाच ठेव. काम बाकी असल्याची खूण म्हणजे फ्लॅग. महत्त्वाचा वाटला म्हणून, नंतर वाचू म्हणून किंवा छान माहिती आहे म्हणून फ्लॅग लावायचा नाही. मला काहीतरी करून द्यायचं आहे आणि ते दोन-तीन मिनिटांत होणारं नाही, तरच फ्लॅग. दोन-तीन मिनिटांत होणारं असेल तर तिथल्या तिथे करून मेल 'Archive'मध्ये.

फ्लॅगच्या चिन्हावर नुसतं क्लिक केलं तर साधारणपणे आजची तारीख पडते. असे पंधरा फ्लॅग लावलेस की उद्या सकाळी पंधराही लाल दिसतात आणि परवापासून तू लाल रंगाकडे बघणं सोडून देतोस. म्हणून उजवं क्लिक करून तारीख निवडायची. कोणती तारीख? काम देण्याची शेवटची नव्हे, तू ते करायला बसणार आहेस ती. गुरुवारी संध्याकाळी शीट द्यायची आणि तिला तीन तास लागणार असतील तर फ्लॅग बुधवारचा. गुरुवारचा लावलास तर गुरुवारी सकाळी कळेल की दुपारी दोन मीटिंग आहेत. 'This Week' हा पर्याय सोयीचा दिसतो, पण त्याची तारीख आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी पडते आणि सगळंच शुक्रवारी गोळा होतं. नेमका दिवस निवड.

फ्लॅग लावलेले मेल मायक्रोसॉफ्टच्या 'To Do'मध्ये 'Flagged email' या यादीत दिसतात. तिथे कामाचं नाव बदलता येतं, आणि ते जरूर बदल. 'RE: RE: FW: Sync up' यावरून बुधवारी काही कळणार नाही. 'लॉगिनच्या टेस्ट केसमधल्या उणिवा मेंटॉरना' असं लिहिलंस तर मेल न उघडता कळेल. फ्लॅग लावल्यावर मेल 'Archive'मध्ये हलवलास तरी तो यादीत राहतो, म्हणून काम बाकी आहे या कारणाने मेल इनबॉक्समध्ये ठेवायची गरज नाही. डिलीट केलास तर मात्र यादीतूनही जातो.

फ्लॅगचा दुसरा उपयोग फारसं कोणी सांगत नाही आणि इंटर्नला तोच जास्त लागतो. तू आयटीला अ‍ॅक्सेस मागितलास, डेव्हलपरला शंका विचारलीस, कॉलेजच्या फॉर्मवर सही मागितलीस. उत्तर आलं नाही तर ते तुला आठवणार कसं? मेल पाठवल्यावर 'Sent Items'मध्ये जाऊन त्याच मेलवर दोन दिवसांनंतरचा फ्लॅग लाव आणि 'वाट बघतोय' नावाची एक रंगीत कॅटेगरी दे. हा फ्लॅग फक्त तुला दिसतो, समोरच्याला नाही. दोन दिवसांनी उत्तर आलेलं नसेल तर त्याच मेलला रिप्लाय करून एका ओळीत आठवण कर. नवा मेल लिहू नकोस, साखळी तुटते आणि समोरच्याला सगळं पहिल्यापासून वाचावं लागतं.

आता एक सकाळ घेऊ. मंगळवार, साडेनऊ. क्लायंट अमेरिकेत आहे, म्हणून रात्रीतून बरंच आलेलं आहे: एकूण एक्केचाळीस नवे मेल. त्यातले चोवीस रूलने बाजूला गेले. इनबॉक्समध्ये सतरा. साखळ्या एकत्र दिसाव्यात म्हणून 'Show as Conversations' चालू आहे, तर त्या सतराचे प्रत्यक्षात नऊच धागे होतात. पहिला धागा सात मेलांचा, एका बगवर रात्रभर चर्चा झालेली. सगळ्यात शेवटचा मेल आधी उघडायचा. त्यात डेव्हलपरने लिहिलंय की फिक्स झालं, आज बिल्डमध्ये येईल. वरचे सहा वाचायची गरज नाही, पूर्ण साखळी 'Archive'मध्ये. सुरुवातीपासून वाचत आला असतास तर दुसऱ्याच मेलवर घाबरून उत्तर लिहायला घेतलं असतंस.

दुसरा मेंटॉरचा: सोबतची शीट बघून राहिलेल्या केसेस गुरुवारपर्यंत सांग. हे दोन मिनिटांचं काम नाही. पण उत्तर दोन मिनिटांचं आहे: 'मिळालं. बुधवारी बसून करतो, गुरुवारी दुपारपर्यंत पाठवतो.' आधी हे पाठव, मग बुधवारचा फ्लॅग, मग 'Archive'. मेल मिळाला की नाही हे समोरच्याला कळत नाही, त्यातूनच सगळ्यांसमोर विचारायची वेळ येते. तुझ्या बाबतीतही मेल हरवण्यापेक्षा हेच जास्त नडलं असेल असं मला वाटतं.

तिसरा ट्रेनिंग विभागाचा: पॉशचं ऑनलाइन ट्रेनिंग महिनाअखेरपर्यंत पूर्ण करायचं. याला सलग तासभर हवा. फ्लॅगने तास मिळत नाही, म्हणून हे कॅलेंडरमध्ये टाकायचं, शुक्रवारी तीन ते चार. चौथा मीटिंगचं निमंत्रण. स्वीकारलं की ते कॅलेंडरमध्ये जातं आणि सहसा इनबॉक्समधून आपोआप निघतं. पाचवा आयटीकडून: तुझ्या अ‍ॅक्सेसच्या विनंतीला मॅनेजरची मंजुरी हवी. हा मेल मॅनेजरना फॉरवर्ड करायचा, वर एका वाक्यात कशासाठी ते लिहायचं, आणि पाठवलेल्या मेलवर गुरुवारचा 'वाट बघतोय'. सहाव्यात मेंटॉरने तुला 'Cc' केलंय आणि वर काहीच लिहिलेलं नाही. वाचायचा, क्लायंटने काय मागितलंय ते लक्षात घ्यायचं, 'Archive'. 'Cc'मध्ये असताना सगळ्यांना उत्तर देऊ नकोस. काही सांगायचं असेल तर मेंटॉरला चॅटवर सांग.

सातवा म्हणजे कोणीतरी मोठ्या यादीवर चुकून पाठवलेला मेल आणि त्यावर 'मला यातून काढा' अशी सगळ्यांची उत्तरं. हा धागा तुझं नाव घालून आलेला असल्यामुळे रूलमधून निसटला. यासाठी 'Ignore' आहे, जुन्या आउटलुकमध्ये Ctrl+Delete. त्या धाग्यातले आलेले आणि पुढे येणारे सगळे मेल थेट 'Deleted Items'मध्ये जातात. म्हणूनच आपल्या टीमच्या कुठल्याही धाग्यावर हे बटण दाबायचं नाही, तो धागा कितीही कंटाळवाणा असला तरी. उरलेले दोन किरकोळ. पंचवीस मिनिटांत इनबॉक्स रिकामा आणि दहाच्या स्टँड-अपला जाताना आज काय करायचं आहे ते 'To Do'मध्ये दिसतंय.

दिवसात अशा तीन फेऱ्या ठेव. सकाळची वर सांगितली ती, सगळ्यात मोठी. दुसरी जेवणानंतर दोनच्या सुमारास, पंधरा मिनिटं. तिसरी साडेपाचला: इनबॉक्स, मग 'ग्रुप' फोल्डरचे नुसते विषय चाळून 'Mark all as read', मग 'वाट बघतोय'मधलं कोणाचं उत्तर आलं, आणि शेवटी उद्याच्या तारखेचे फ्लॅग किती आहेत. एका दिवसावर पाच-सहापेक्षा जास्त झाले तर काही पुढे ढकल, आणि ढकलण्यामुळे कोणाला दिलेली वेळ चुकणार असेल तर त्याला त्याच संध्याकाळी कळव. 'Junk Email' आठवड्यातून एकदा उघड, कॉलेजच्या प्लेसमेंट सेलचे मेल तिथे जाऊन पडतात.

फेऱ्यांच्या मधल्या वेळात मेलचं पॉप-अप बंद ठेव. जुन्या आउटलुकमध्ये 'File', 'Options', 'Mail' इथे 'Display a Desktop Alert'ची खूण काढ. पण हे गुपचूप करू नकोस. आधी मेंटॉरला विचार: 'मी मेल सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी बघतो, तातडीचं असेल तर टीम्सवर पिंग कराल का?' बहुतेक जण हो म्हणतात, कारण तेही असंच करतात. कोणी म्हणालं की अमुक क्लायंटच्या मेलला तासाभरात उत्तर लागतं, तर तेवढ्या पाठवणाऱ्यासाठी वेगळा रूल कर आणि त्याच्या मेलला सूचना वाजू दे. तुझी टीम प्रॉडक्शन सपोर्टची असती तर तीन फेऱ्या चालल्याच नसत्या, तिथे दर तासाला बघावं लागतं. टेस्टिंगमध्ये रिलीजचा आठवडा सोडला तर तीन पुरतात. रिलीजच्या आठवड्यात अकरा आणि चारला एकेक छोटी फेरी वाढव.

फोनवर ऑफिसचा मेल असेल तर एक बघून ठेव: मेलवर बोट सरकवलं की तो आर्काइव्ह होतो, अशी मांडणी बऱ्याचदा आधीपासून असते. बसमध्ये न वाचताच मेल गायब होण्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. सेटिंग्जमधल्या 'Swipe options'मध्ये ते बदलून एका बाजूला फ्लॅग ठेव, दुसऱ्या बाजूला काहीच नको. आणि फोनवर फक्त बघायचं, निकाल लावायचा तो डेस्कवर.

दर शुक्रवारी सगळी फ्लॅगची यादी एकदा वरून खाली बघ. तारीख उलटून गेलेल्या प्रत्येकाचं तीनपैकी एक कर: नवी तारीख, 'हे मला जमणार नाही, काय करू' असा मेंटॉरला प्रश्न, किंवा गरज उरली नसेल तर फ्लॅग काढून टाक. एकच काम तीनदा पुढे ढकललं गेलं असेल तर ते काय आहे हेच तुला बहुधा नीट कळलेलं नाही. तेव्हा तारीख न बदलता मेंटॉरजवळ दहा मिनिटं बसून समजून घे. यादी पंधराच्या पुढे गेली तर ती तशीच उघडून मेंटॉरसमोर ठेव आणि क्रम लावून घे. यात कमीपणा काही नाही, कोणतं काम आधी हे ठरवणं इंटर्नचं कामच नाही.

'माझे कागद' या फोल्डरबद्दल शेवटचं. इंटर्नशिपच्या शेवटच्या दिवशी तुझं अकाउंट बंद होईल, बहुधा त्याच संध्याकाळी, आणि मग त्यातलं काहीच तुला दिसणार नाही. कॉलेजला लागणारं पूर्णतेचं प्रमाणपत्र, स्टायपेंडच्या पावत्या, मेंटॉरचा मूल्यमापनाचा फॉर्म हे निघायच्या दोन आठवडे आधी एचआरला विचारून तुझ्या खासगी पत्त्यावर मागवून घे. सगळा फोल्डर स्वतःच जीमेलवर फॉरवर्ड करायला जाऊ नकोस. बऱ्याच कंपन्यांत बाहेर जाणाऱ्या मेलवर नजर असते, आणि त्यात क्लायंटची एखादी शीट चुकून गेली तर प्रमाणपत्र बाजूलाच राहील आणि आयटी सुरक्षेकडून फोन येईल.